दुभंगलेला ओठ आणि टाळू: पहिल्या दुधापासून सुळा येईपर्यंत

प्रश्न: आमची मुलगी १२ दिवसांची आहे. डाव्या बाजूचा ओठ, हिरडी आणि टाळू जन्मतः दुभंगलेले आहेत. अंगावर घेतलं की तोंड लावते, पण दूध येत नाही. बाटलीने पाऊण-पाऊण तास पाजतो, बरंचसं नाकातून बाहेर येतं. जन्माचं वजन २.९ किलो होतं, आज २.७ भरलं. कोणी म्हणतं टाळूला प्लेट बसवून घ्या, कोणी म्हणतं ऑपरेशनपर्यंत थांबा. पुढे तिचे दात कसे येतील? तारा कधी लावायच्या? आत्तापासून काय करायला हवं?

उत्तर: आधी वजनाचं बघू, दात थांबतील. बहुतेक बाळांचं वजन १० ते १४ दिवसांत जन्माएवढं परत होतं. तुमच्या मुलीचं अजून २०० ग्रॅम कमी आहे आणि एकेका पाजण्याला पाऊण तास जातोय. या दोन गोष्टी एकत्र आल्या की वाट बघायची नसते. आजच बालरोगतज्ज्ञांना हे आकडे सांगा. पाजताना तिला घाम येत असेल, धाप लागत असेल किंवा ओठ निळसर पडत असतील तर थेट रुग्णालयात न्या. अशा काही बाळांना हृदयाचाही दोष असतो आणि त्याची पहिली खूण पाजतानाच दिसते.

तिला गिळता येतं, ओढता येत नाही. टाळूला फट असल्यामुळे तोंड आणि नाक आतून एकच झालेलं असतं, त्यामुळे भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावं तसं तिचं होतं: जोर भरपूर, हातात काही नाही. दमते, झोपते, तासाभरात पुन्हा भुकेने उठते. टाळूला फट असलेल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध पुरत नाही हे आधीच मान्य केलेलं बरं; त्यात आईचं काही चुकत नाही. दूध काढून पाजा. थोडा वेळ अंगावर धरायलाही हरकत नाही, पण त्या वेळेचा पाजण्यात हिशेब धरू नका.

बाटली अशी हवी की ती तुम्हाला दाबता येईल, किंवा जिच्या निपलला एकाच दिशेने दूध सोडणारी झडप आहे. अशा बाटलीतून बाळाने हिरडीने नुसतं चावलं तरी दूध येतं. या बाटल्या मिळेपर्यंत छोटी वाटी किंवा चमचाही चालतो. बाळाला जवळजवळ बसतं धरा, डोकं आणि मान तुमच्या हातावर. निपल फटीत न जाता ज्या बाजूला टाळू शाबूत आहे तिकडे टेकवा. तिचा जबडा हलला की बाटली हलकी दाबा, ती थांबली की तुम्हीही थांबा. ही लय एक-दोन दिवसांत हाताला बसते. निपलचं भोक गरम सुईने मोठं करायचा सल्ला कोणीतरी देतंच. तो ऐकू नका. त्याने दूध वेगाने येतं, पण ते बाळाच्या ताब्यात राहत नाही आणि ठसका लागतो.

किती पाजायचं ते डॉक्टर ठरवतील, तरी अंदाज असू द्या. या वयात साधारण किलोमागे १५० मिलीलीटर रोज धरतात. २.७ किलोला ते ४०५ होतं, म्हणजे दिवसरात्रीतल्या आठ वेळांना प्रत्येकी ५० च्या आसपास. एक पाजणं वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात संपवा. त्यापुढे जेवढं पोटात जातं तेवढं दमण्यातच खर्च होतं. मधे दोन-तीनदा ढेकर काढा, कारण ही बाळं हवा खूप गिळतात. नाकातून दूध आलं तर घाबरू नका. तिला थोडं पुढे झुकवा, शिंकू द्या, नाक पुसा आणि पुन्हा सुरू करा. रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजन वाढतंय आणि दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत, तर पद्धत जमली. पाजून झाल्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात मऊ कापड भिजवून फटीच्या कडा आणि हिरड्या पुसून घ्या. घरच्यांची तिथे हात लावायची भीती आत्ताच गेली तर पुढे ब्रश करताना फार उपयोग होतो.

आता प्लेट. गोंधळ होतो कारण प्लेट या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू येतात. एक नुसती फट झाकणारी. तिने निपल टेकवायला आधार मिळतो, पण ओढण्याची ताकद येत नाही, कारण मागची मऊ टाळू उघडीच राहते. बाटली नीट जमली तर बहुतेक बाळांना हिची गरज पडत नाही. दुसरी प्लेट हिरडीचे दोन भाग हळूहळू जवळ आणते आणि चपट्या नाकपुडीला आकार देते. ही पद्धत बॅरी ग्रेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये मांडली. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे नाकाची कूर्चा मऊ असते, म्हणून ती पहिल्या महिन्यात सुरू करतात. प्लेट गालाला चिकटपट्ट्यांनी धरून ठेवतात. दर आठवड्याला एका बाजूने सुमारे एक मिलीमीटर घासतात आणि दुसरीकडे तेवढीच मऊ भर घालतात. हिरडीतलं अंतर पाचेक मिलीमीटरवर आलं की नाकपुडीत शिरणारा छोटा दांडा जोडतात.

माझं मत विचाराल तर, वजन वाढायला लागलं असेल आणि दर आठवड्याला येणं जमत असेल तर करा. ओठाच्या ऑपरेशनच्या वेळी फट अरुंद असते आणि नाकाला चांगला आकार देता येतो. जमणार नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. प्लेटशिवायही ओठ उत्तम शिवता येतो. या प्लेटमुळे पुढे दात सरळ येतील किंवा जबडा नीट वाढेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. माप घेताना बाळ जागं असतं, भूल देत नाहीत. ते मोठ्याने रडत असतं आणि आम्हाला तेच हवं असतं, कारण रडणं म्हणजे श्वास मोकळा आहे. हे काम आपत्कालीन सोय असलेल्या ठिकाणीच करून घ्या. घरी रोज प्लेट काढून धुवा आणि हिरडी उजेडात बघा. लाल चट्टा किंवा पांढरी जखम दिसली, किंवा प्लेट सैल होऊन घशाकडे सरकत असली, तर ती काढून ठेवा आणि फोन करा. पुढच्या भेटीपर्यंत रेटू नका.

ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत शिवतात, टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. ते शल्यचिकित्सक सांगतील. कानात पाणी साठतं का, ऐकू नीट येतं का आणि बोलणं कसं येतंय हेही याच काळात तपासत राहावं लागतं, पण तो माझा विषय नाही.

माझा विषय पहिल्या दातापासून सुरू होतो. बहुतेक पालक इथेच ढिले पडतात, कारण टाळूचं ऑपरेशन झालं की मोठं काम संपल्यासारखं वाटतं. फटीलगतचे दात कसे येतात ते आधी सांगतो. फटीच्या बाजूचा समोरचा दात बहुधा वळलेला येतो. त्याच्यावरचं एनॅमल खडबडीत, पांढरट-पिवळट डागांचं असू शकतं. त्याच्या शेजारचा छोटा दात बऱ्याच मुलांत कायमच्या दातांत येतच नाही, आला तर खुंटीसारखा येतो. उलट एखादा जादा दात फटीच्या कडेला किंवा टाळूच्या बाजूने उगवतो. शिवलेला ओठ घट्ट असतो आणि ओठ-हिरडीमधली खोबण उथळ असते, त्यामुळे ब्रश नेमका तिथेच पोहोचत नाही. त्यात आईवडिलांना वाटतं, टाके उसवतील. ऑपरेशननंतर शल्यचिकित्सकांनी परवानगी दिली की ब्रशने काही उसवत नाही.

पहिला दात दिसला की दंतवैद्याकडे एक फेरी, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत. ब्रश अगदी छोट्या डोक्याचा घ्या. मुलीला मांडीवर असं झोपवा की तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकेल. एका बोटाने ओठ वर उचला. ओठ घट्ट असेल तर मधून न ओढता कोपऱ्याकडून उचला, दुखत नाही. फटीकडचा वळलेला दात आडवा घासून स्वच्छ होत नाही. ब्रश उभा धरून त्याच्या दोन्ही कडांवरून वरखाली फिरवावा लागतो. टाळूच्या बाजूने आलेल्या दातालाही तसंच. फ्लोराइड असलेली पेस्ट पहिल्या दातापासूनच वापरा, निदान १००० पीपीएमची: तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. दर ३ ते ६ महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्या. वजनाच्या काळजीने लागलेली रात्रीची बाटली पहिल्या वाढदिवसानंतर हळूहळू बंद करा. झोपेत तोंडात राहिलेल्या दुधाने वरच्या समोरच्या दातांना सर्वांत आधी कीड लागते, आणि तिथलं एनॅमल आधीच कच्चं असतं.

एका-दोन दुधाच्या दातांसाठी मी एवढा आग्रह धरतो, कारण हाड दातापाशी टिकतं. दात गेला की तिथलं हाड झिजतं, आणि फटीच्या कडेला मुळातच हाड कमी असतं. शिवाय पुढे नऊ-दहाव्या वर्षी हिरडीतल्या फटीत हाड बसवायचं असतं तेव्हा तोंडात कीड किंवा सुजलेली हिरडी असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. त्या वेळी ढकललेले सहा महिने परत मिळत नाहीत. का, ते पुढच्या उदाहरणावरून कळेल.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला तुमच्या मुलीसारखीच डाव्या बाजूची पूर्ण फट होती. ओठ आणि टाळू वेळेवर शिवलेले. पाचव्या वर्षी त्याला फटीच्या कडेला एक जादा दात होता, वाकडा आणि टोकदार. शाळेत चिडवतात म्हणून काढून टाका, असा घरच्यांचा हट्ट होता. दात किडलेला नव्हता, हलत नव्हता, जखम करत नव्हता. मी तो ठेवला. त्याच्या टोकाला थोडं गोलसर केलं आणि तो घासायचा कसा ते आईला आरशासमोर करून दाखवलं. वरची एक बाजू आत झुकलेली होती, म्हणजे डावीकडचे वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत होते. तेही तसंच सोडलं. त्या वयात तारा लावून जबडा रुंद करता येतो, पण मागे हाड नसल्यामुळे तो पुन्हा आत येतो आणि मूल वर्षानुवर्षं तारांना कंटाळून जातं. खरी गरज असते तेव्हा ते तोंडच उघडत नाही.

सातव्या वर्षी कायमचे समोरचे दात आले. डावा दात जवळजवळ अर्धा फिरलेला. आजीला तो सरळ हवा होता. एक्स-रेमध्ये दिसत होतं की त्या दाताच्या फटीकडच्या अंगाला हाडाची जेमतेम पापुद्र्याएवढी भिंत आहे. ओढून सरळ केला असता तर मूळ हाडाबाहेर पडलं असतं, हिरडी वर सरकली असती आणि काही वर्षांत दातच गेला असता. तुमच्या मुलीच्या बाबतीत कोणी सात वर्षांची असताना तो दात झटपट सरळ करून द्यायचं कबूल केलं, तर एवढंच विचारा: फटीकडच्या बाजूला हाड किती आहे? उत्तर देताना एक्स-रे दाखवला नाही तर थांबा.

साडेआठव्या वर्षी मी ज्याची वाट बघत होतो ते दिसलं. हिरडीच्या आत, वर, डावा सुळा फटीकडे सरकत होता आणि त्याचं मूळ निम्म्याच्या आसपास तयार झालं होतं. हिरडीतल्या फटीत हाड बसवायची वेळ सुळ्यावरून ठरते: मूळ निम्मं ते दोन-तृतीयांश झालेलं, पण सुळा अजून बाहेर न आलेला. बहुतेक मुलांत हे ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान घडतं. बॉइन आणि सँड्स यांनी १९७२मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढे ओस्लोच्या गटाने १९८६मध्ये मोठ्या संख्येने रुग्णांचे निकाल दाखवले. कल्पना अशी की बसवलेल्या हाडातून सुळा स्वतः वाट काढत खाली येतो आणि त्याच्या येण्याने ते हाड जिवंत राहतं. सुळा आधीच फटीत उतरला तर त्याच्या मुळाला एका अंगाने हाड नसतं. नंतर बसवलेलं हाड उघड्या मुळावर नीट धरत नाही. शेजारचा छोटा दात चांगला असेल तर त्याला वाचवण्यासाठी हेच काम थोडं आधी, सहा-सात वर्षांनाही करतात. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एक एक्स-रे हवाच.

आता रुंदीचं काम सुरू केलं. दाढांना पट्ट्या आणि टाळूच्या कडेने फिरणारी वेटोळ्यांची तार, क्वाड हेलिक्स. तिने आत झुकलेला भाग पुढच्या बाजूने जास्त उघडला. चौथ्या महिन्यात आई घाबरून आली: पाणी पिताना नाकातून थेंब येतो, तारेने टाळूला भोक पडलं. भोक पडलं नव्हतं. ओठामागची जुनी फट दोन भागांच्या चिमटीत लपलेली होती, ती भाग लांब गेल्यावर दिसू लागली. ही गोष्ट पालकांना तार लावण्याआधीच सांगायला हवी, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतोय. हाड बसवतानाच ते छिद्रही बंद करतात.

तो जादा दात मी ऑपरेशनच्या दोन महिने आधी काढला. आदल्या आठवड्यात काढला असता तर हिरडी भरली नसती आणि टाके घालायला धड कातडी मिळाली नसती. नऊ वर्षं चार महिन्यांचा असताना शल्यचिकित्सकांनी कंबरेच्या हाडातून मऊ गाभा घेऊन फटीत भरला. मुलाला तोंडापेक्षा कंबर जास्त दुखली, काही दिवस लंगडत चालला. काही आठवडे मऊ खाणं, समोरच्या दातांनी काही तोडायचं नाही. टाके भरेपर्यंत औषधी पाण्याने गुळण्या, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून मऊ ब्रश. रुंदी टिकवणारी तार तशीच ठेवली. ती लवकर काढली की भाग पुन्हा आत येतात आणि नवीन हाडावर ताण येतो.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. त्यात बघायचं ते दोन दातांमधल्या हाडाची उंची. शेजारच्या मुळाच्या तुलनेत ती तीन-चतुर्थांश किंवा जास्त असेल तर निकाल चांगला. त्याची उंची तेवढी होती. नाही तर सुळा अडकतो, किंवा खाली येतो पण दात लांब दिसतो आणि हाड पुन्हा बसवावं लागतं. गुळण्या चुकल्या, हिरडी सुजली, टाका उघडून हाडाचे कण बाहेर आले, हीच नेहमीची कारणं. घरी ओळखायची खूण म्हणजे वास, पू, किंवा पाण्याबरोबर पडणारे वाळूसारखे बारीक कण. हे दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

हाड धरल्यावर मगच तो फिरलेला दात सरळ करायला घेतला. साडेअकराव्या वर्षी सुळा आपणहून खाली आला. शेजारचा छोटा दात जन्मतःच नव्हता, म्हणून सुळा पुढे सरकवून त्याच्या जागी आणला आणि टोक घासून, थोडं फिलिंग करून त्याला शोभेल असं केलं. दुसरा मार्ग म्हणजे जागा राखून ठेवायची आणि वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांट बसवायचं. मला शक्य असेल तिथे पहिला मार्ग आवडतो. स्वतःचा दात हाड सांभाळतो आणि वीस वर्षांचं होईपर्यंतची वर्षं खोट्या दातावर काढावी लागत नाहीत. पण खालचे दात आधीच पुढे असतील तर वरची कमान आणखी आखूड करणं चुकीचं ठरतं. तिथे जागा राखतात.

बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण तारा लागतात आणि तिथे एक प्रश्न सगळ्या कामावर लटकत असतो: वरचा जबडा किती वाढेल? शिवलेल्या टाळूवर व्रण असतो, त्यामुळे तो कित्येकदा मागे राहतो आणि खालचा पुढे जातो. दरवर्षी बाजूने एक फोटो आणि गरजेपुरता चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे घेतला की कल ओळखता येतो. थोडा फरक असेल तर ८ ते १० वर्षांच्या दरम्यान चेहऱ्यावर लावायच्या मास्कने वरचा जबडा पुढे ओढून बघता येतो. फरक मोठा असेल तर किशोरवयात तारांनी ओढाताण करून तो झाकू नये. दात तिरके होतात आणि पुढे ऑपरेशन करायचं झालं तर आधी ते सगळं उलटवावं लागतं. जबड्याचं ऑपरेशन वाढ थांबल्यावरच, मुलींमध्ये बहुधा सोळाच्या पुढे, मुलांमध्ये अठराच्या पुढे. वरचा जबडा पुढे आणल्याने काहींचं बोलणं पुन्हा नाकातून येऊ लागतं, म्हणून त्याआधी वाचातज्ज्ञांची तपासणी करून घ्यावी.

त्या मुलाचा जबडा थोडाच मागे होता, तारांवर भागलं. तारा काढल्यावर त्याला रात्री घालायची प्लेट दिली आहे आणि ती वर्ष-दोन वर्षांची गोष्ट नाही. टाळूवरचा व्रण कमान आत ओढतच राहतो. परीक्षेच्या दिवसांत त्याने तीन आठवडे प्लेट घातली नाही, तर ती बसेना आणि डावीकडच्या दाढा पुन्हा कडेला कड लागून बसलेल्या दिसल्या. एका नव्या प्लेटवर ते सुटलं, कारण तो लगेच आला.